खोलीच्या हवेत लिटरभरही पाणी नाही, मग मशीनची बादली रोज कशी भरते?

दगडी_वाडा | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे, खालच्या मजल्याच्या भिंती दगड-विटांच्या, दोन-दोन फूट जाड. सासूबाईंची खोली खाली आहे कारण गुडघ्यांमुळं त्यांना जिना चढवत नाही. जून संपता संपता ती खोली अशी होते की चादर हाताला ओलसर लागते, फरशीवर पाय चिकटतात, सागवानी कपाटाच्या मागं भिंतीवर हिरवट-काळी बुरशी येते आणि आई रात्रभर कूस बदलत राहतात, पंखा पाचवर असला तरी म्हणतात अंग चिकचिक करतंय गं. म्हणून या वर्षी हवेतली ओल ओढून घेणारा डीह्युमिडिफायर घेतला, खोक्यावर दिवसाला १२ लिटर लिहिलंय. सोबत एक छोटा आर्द्रतेचा मीटरही घेतला.

आता अडचण सांगते. पहिले तीन दिवस रोज आठ लिटर पाणी निघालं, आम्ही सगळे बघतच राहिलो. त्यानंतर रोज साडेपाच लिटरच्या आसपास येतंय आणि ते कमीच होत नाही, आज सोळावा दिवस. मशीन दिवसात वीस तास चालतं, मीटर ८८ वरून ६८ पर्यंत आला आणि तिथंच अडून बसलाय. वर खोली गरम होते ते वेगळंच. दुकानदार म्हणतो मशीन ठीक आहे, हे म्हणतात मशीन परत कर. मला एवढंच कळत नाही की बारा बाय अकराच्या खोलीत एवढं पाणी येतंय कुठून?

वरचा_मजला | शनिवार, रात्री १०:४०

ताई, ८८ टक्के म्हणजे हवेत ८८ टक्के पाणीच आहे, मग बादली भरणारच की. मशीन कशाला पाहिजे, खिडक्या उघडा, हवा खेळली की ओल आपोआप जाते. आमच्याकडं दिवसभर खिडक्या उघड्या असतात, काही त्रास नाही.

गॅसचार्जिंग | शनिवार, रात्री ११:०५

उद्यमनगरात फ्रिज, कोल्ड रूम, एसी दुरुस्तीचं काम करतोय, २२ वर्षं झाली. ताईंचा प्रश्न लय बरोबर हाय, पण मशीनला दोष द्यायच्या आधी हिशेब करू.

वरच्या मजल्याचे भाऊ, ८८ टक्के म्हणजे हवेत ८८ टक्के पाणी नव्हं. त्या गरमीला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावंल तिच्या ८८ टक्के. आता मावते किती? २६ डिग्रीला एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम. ताईंची खोली १२ बाय ११, उंची १० धरली तर ३७ घनमीटर होते. म्हणजे अगदी काठोकाठ भरली तरी सगळ्या खोलीच्या हवेत ९०० ग्रॅम पाणी, ८८ टक्क्याला आठशेच्या आत. ते ६० टक्क्यावर आणायचं तर काढायचं फक्त २५० ग्रॅम, एक फुलपात्र. ते काम मशीन तासाभरात करतंय.

मग साडेपाच लिटर खोलीच्या हवेतलं नव्हंच. ते रोज कुठनं तरी नवीन येतंय आणि मशीन तेवढंच बाहेर काढतंय. भोक असलेल्या होडीतनं पाणी उपसावं तसं झालंय. भोक कुठं हाय ते शोधायला पाहिजे.

गुळाची_ढेप | रविवार, सकाळी ७:२०

आमच्या घरी मीटर बिटर काही नव्हता. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं आणि गूळ पाझरायला लागला की माझी आई म्हणायची, आता पाऊस बसला. पापड, चिवडा सगळं सादळायचं. गूळ आम्ही कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचो आणि डबा चुलीजवळच्या फळीवर. तिथं कधी पाझरला नाही. मिठालाही तिथं पाणी सुटायचं नाही. कोपऱ्यातल्या फळीवरच्या बरणीला मात्र सुटायचं, घर तेच, स्वयंपाकघर तेच.

खडू_फळा | रविवार, सकाळी ९:१०

मावशी, तुमच्या आईंनी सांगितलेली खूण अगदी पक्की आहे. मी ११वी-१२वीला फिजिक्स शिकवतो आणि दर वर्षी हेच उदाहरण देतो. मिठाला पाणी सुटतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की, त्याच्या खाली मीठ कोरडं राहतं. चुलीजवळची हवा दोन-तीन डिग्री गरम असते, वाफ तेवढीच पण मावायची जागा वाढली, म्हणून तिथला टक्का ७५ च्या खाली. कोपऱ्यात भिंत गार, म्हणून तिथं वर.

ताईंच्या कपाटामागच्या बुरशीचं कारणही हेच आहे. खोलीच्या मधोमध २६ डिग्री आणि ७५ टक्के असेल, पण कपाटामागं हवा हलत नाही आणि जाड भिंत २३ डिग्री असेल, तर भिंतीला चिकटलेल्या हवेचा टक्का ८९ च्या घरात जातो. बुरशीला ८० च्या वर काही दिवस मिळाले की पुरतात. मीटर टेबलावर ठेवून ते कधी दिसणार नाही, मीटर एक दिवस कपाटामागं ठेवून बघा.

टक्का फसवतो कसा त्याचं माझं आवडतं उदाहरण सांगतो. जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातो तेव्हा धुकं असतं, १२ डिग्री आणि ९० टक्के. एप्रिलच्या दुपारी ३८ डिग्री आणि २५ टक्के. विद्यार्थ्यांना विचारतो पाणी कुठल्या हवेत जास्त, सगळे ओरडतात धुक्याच्या. प्रत्यक्षात धुक्यात वाफ घनमीटरला साडेनऊ ग्रॅमच आणि एप्रिलच्या त्या कोरड्या दुपारी साडेअकरा.

वरचा_मजला | रविवार, सकाळी ९:३५

बरं, मग चिकचिक टक्क्यावर असते का ग्रॅमवर? कारण सर, जानेवारीत ९० टक्क्याला मला कधी चिकट वाटलेलं नाही.

खडू_फळा | रविवार, सकाळी १०:०५

चांगला प्रश्न विचारलात. अंगाच्या दृष्टीनं बघायला गेलं तर मुख्यतः ग्रॅमवर, म्हणजे हवेत प्रत्यक्ष किती वाफ आहे त्यावर. आपली कातडी ३४-३५ डिग्री असते. घामानं ओली झाली की तिला लागून असलेला हवेचा पातळ थर ३५ डिग्रीला गच्च भरलेला असतो, घनमीटरला ४० ग्रॅमच्या जवळ. घाम उडतो तो या ४० मधून बाहेरच्या कमी असलेल्या हवेकडं. जानेवारीत बाहेर साडेनऊ, फरक तीसचा, शिवाय घाम येतच नाही. ताईंच्या खोलीत हवेत साडेएकवीस, फरक साडेअठराचा. तीच खोली ६० टक्क्यावर आणली की हवेत साडेचौदा, फरक पंचवीसवर जातो, म्हणजे घाम सुकायचा वेग तिसऱ्या हिश्श्यानं तरी वाढला. शरीर घाम काढतंय आणि तो उडत नाही, मग तो कातडीवर पसरून राहतो, मिठासकट, आणि चादर-कपडे पण तेच पाणी धरून बसतात, त्यालाच आपण चिकचिक म्हणतो. पंखा तो पातळ थर उडवून देतो म्हणून बरं वाटतं, पण हवेतला ग्रॅम तो एकही कमी करत नाही.

दगडी_वाडा | रविवार, दुपारी १:३०

सर, गॅसचार्जिंगदादा, मनापासून आभार. फुलपात्रभर पाणी आणि साडेपाच लिटर हे वाचून मी सकाळपासून तोच विचार करतेय. भोक शोधायचं कसं ते सांगा, मी सगळं करायला तयार आहे. आणि खोली गरम का होते? आई म्हणतात चिकट कमी झालं पण उकडतंय.

राजारामपुरी_११ | रविवार, दुपारी २:०५

आमच्या बाळाला सर्दी होते म्हणून डॉक्टरांनी वाफेचं मशीन सांगितलंय, हेच का ते? कितीला मिळालं? रात्रभर चालू ठेवलं तर चालेल का?

दगडी_वाडा | रविवार, दुपारी २:२०

नाही हो ताई, तुमचं हवेत वाफ सोडणारं, आमचं हवेतली वाफ काढणारं, नेमकं उलटं. तुमच्या डॉक्टरांनाच विचारून घ्या, आणि आत्ता पावसात खोलीत आणखी वाफ सोडायची का हेही विचारा.

गॅसचार्जिंग | रविवार, रात्री ९:४५

आज कामावर होतो, आत्ता बसलोय, जरा लांबड लागंल.

मशीनच्या आत काय चाललंय ते आधी बघा. फ्रिजमधनं काढलेला ताकाचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरनं पाणी धरतं, ते ताक पाझरलेलं नव्हं, खोलीतली वाफ गार स्टीलवर पाणी होऊन बसली. ताईंच्या खोलीत ८८ टक्के असताना २४ डिग्रीच्या खालची कुठलीही वस्तू घाम धरणार. ६० टक्के झाल्यावर तीच वस्तू १७-१८ च्या खाली पाहिजे. मशीन म्हणजे असा एक पेला जो सतत गार राहतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबला की तो तापतो, मागच्या गरम कॉइलमधनं फिरताना उष्णता टाकून पातळ होतो, मग केसासारख्या बारीक कॅपिलरीतनं सुटला की दाब उतरतो आणि पुढच्या कॉइलमध्ये तो उकळायला लागतो. उकळायला उष्णता पाहिजे, ती तो कॉइलच्या पत्र्यातनं ओढतो, म्हणून कॉइल ८-१० डिग्रीवर जाते. पंखा खोलीची हवा फिल्टरमधनं आधी गार कॉइलवर ओढतो, वाफेचं पाणी होऊन खाली बादलीत, आणि तीच कोरडी गार हवा लगेच मागच्या गरम कॉइलवरनं जाऊन खोलीत परत येते.

उकडायचं कारण तिथंच हाय. एसीची गरम कॉइल घराबाहेर असते, याची खोलीतच. त्यात मशीन जेवढी वीज खातं ती सगळी शेवटी उष्णताच होणार, ताईंचं २२० वॅटचं असंल. वर आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पाणी उडवायला जेवढी उष्णता लागली होती तेवढी त्या वाफेचं परत पाणी होताना सुटते. लिटरमागं पावणेसातशे वॅट एक तास चालवल्याएवढी. तासाला पाव लिटर पाणी निघत असंल तर १७० वॅट हे आणि २२० ते, चारशे वॅटचा हीटर लावल्यागत झालं. खोली दोन-तीन डिग्री चढणारच, तो बिघाड नव्हं. मशीनच्या तोंडातनं येणारी हवा खोलीपेक्षा गरम लागली पाहिजे. खोलीएवढीच लागली तर समजा कॉम्प्रेसर बंद हाय, नुसता पंखा फिरतोय.

१२ लिटरचं पण सांगतो. ते लिहिलेलं असतं ३० डिग्री आणि ८० टक्क्याला. खोली जसजशी कोरडी होत जाईल तसं निघणारं पाणी कमी होत जातं, २७ डिग्री आणि ६० टक्क्याला निम्मंच धरा. त्यामुळं साडेपाच लिटर म्हणजे तुमचं मशीन आपलं काम चोख करतंय.

आता भोक. चार कामं सांगतो, एकेक करा. पहिलं, मीटर खरा बोलतोय का ते तपासा. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूगत करा, विरघळवू नका. ते आणि मीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी डब्यात बरोबर ७५ पाहिजे. मावशींच्या आईंचा मीटर आणि तुमचा मीटर एकमेकांशी ताडून बघायचे, बास. दुसरं, भिंतीवर फरशीपासून दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं बंद करून एक रात्र ठेवा. आतल्या बाजूला घाम आला तर पाणी भिंतीतनं येतंय, बाहेरच्या बाजूला आला तर खोलीतल्या हवेतनं. तिसरं, मशीन बंद करा, दार-खिडक्या लावा, आत कुणी थांबू नका, अर्ध्या-अर्ध्या तासानं मीटर आणि डिग्री दोन्ही लिहून ठेवा. चौथं, त्या खोलीत कपडे वाळत घालता का ते खरं सांगा.

आणि खिडक्या तेवढ्या पावसाळ्यात उघडू नका.

वरचा_मजला | रविवार, रात्री १०:१०

दादा, एक शंका आहे. बाहेर आत्ता फोन २३ डिग्री ९५ टक्के दाखवतोय. सरांच्या हिशेबानं गेलं तर बाहेर घनमीटरला साडेएकोणीस ग्रॅम, आणि ताईंच्या खोलीत मशीन नसताना २६ डिग्री ८८ टक्के म्हणजे साडेएकवीस. मग बाहेरचीच हवा कोरडी झाली की! खिडकी उघडली तर फायदाच आहे.

गॅसचार्जिंग | रविवार, रात्री १०:३०

बरोबर धरलंत भावा, मी सरसकट बोललो ते चुकलं. मशीन नसताना खिडकी उघडली तर खोली ८८ वरनं ८० पर्यंत येईल. पण त्याच्या खाली कधीच येणार नाही, कारण ती साडेएकोणीस ग्रॅमची हवा २६ डिग्रीला ८० टक्केच होते. ८० ला मीठ पाझरतं, बुरशी धरते. आणि मशीन चालू करून खोली साडेचौदा-सोळा ग्रॅमवर आणली की तीच खिडकी उलटी पाणी आत आणणार. मशीन चालू तर खिडकी बंद, मशीन बंद तर खिडकी उघडी, असं करा. टक्के-टक्के जुळवून बघू नका, आतली-बाहेरची गरमी वेगळी असते.

चप्पल_लाईन | सोमवार, सकाळी ११:२०

आमचं चप्पलचं दुकान आहे, मागं गोडाऊन वीस बाय पंधरा, वर पत्रा. दर पावसाळ्यात कातड्यावर पांढरी बुरशी, गेल्या साली शंभर-सव्वाशे जोड पुसून पुसून वैताग आला, काहींचा रंगच गेला. मी लटकवायच्या त्या पिशव्या आणल्या, खाली पाणी साठतं त्या, बारा पिशव्या लावल्या, आठवड्यात भरल्या, फरक काही नाही. हे मशीन लावलं तर काम होईल का? किती लिटरचं घेऊ? आणि कातडं लय कोरडं पडलं तर तडकतं, ते कसं जमवायचं?

खडू_फळा | सोमवार, दुपारी ४:१५

पिशव्यांनी फरक पडला नाही हे त्याच फुलपात्राच्या हिशेबात बसतं. एका पिशवीत अर्धा-पाऊण लिटर पाणी मावत असेल, बारा पिशव्यांचे सात-आठ लिटर आठवड्यात, म्हणजे दिवसाला एक लिटर. तुमच्या गोडाऊनात पत्र्याच्या फटींतून दिवसाला त्याच्या कितीतरी पट वाफ आत येत असणार. बंद कपाटात किंवा ट्रंकेत एक पिशवी छान काम करते, कारण तिथं नवीन हवा जवळजवळ येतच नाही.

गॅसचार्जिंग | सोमवार, रात्री ९:००

चप्पलवाले भाऊ, पत्र्याखालच्या उघड्या फटी तशाच ठेवून मशीन लावलं तर २० लिटरचं काय नि ५० लिटरचं काय, सगळं वाया. आधी पत्रा आणि भिंत यांच्यातली फट बंद करा, शटरला रबर लावा, जोड भिंतीपासनं चार बोटं लांब आणि लाकडी पाटावर ठेवा. मग मशीन ६० वर लावून सोडा, ५० च्या खाली नेऊ नका, कातडं ठीक राहील. किती लिटरचं ते गोडाऊन बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. वर सिलिंग नसंल तर पहाटे पत्रा गार पडून आतनंच थेंब पडतात, ते डोळ्यानं बघितलं पाहिजे.

वरचा_मजला | सोमवार, रात्री ९:२५

एसीच ड्राय मोडवर लावला तर? पाणी काढतो, गारही करतो, गरम हवा बाहेर. दोन मशीन कशाला.

गॅसचार्जिंग | सोमवार, रात्री ९:५०

मे महिन्यात अगदी बरोबर. पण जुलैत रात्री कोल्हापुरात २२-२३ डिग्री असतं. एसी दहा मिनिटांत सेट केलेल्या डिग्रीवर येतो आणि कॉम्प्रेसर थांबतो, थांबला की पाणी काढणं बंद. वर पंखा चालूच राहतो आणि ओल्या कॉइलवरचं पाणी परत खोलीत फेकतो. खोली गार, अंग चिकट, असं कितीजण सांगतात. सतत चालवायचं म्हणाल तर गुडघे दुखणाऱ्या आईंना गारठ्यात बसवावं लागंल. आजकालचे इन्व्हर्टर एसी हळू चालतात, त्यात जरा बरं पडतं, पण तेही गारव्याच्या मागं धावतात, ओलीच्या नव्हं.

दगडी_वाडा | गुरुवार, रात्री ८:४०

सगळं केलं, लिहून ठेवलंय, एकेक सांगते.

मिठाचा डबा: मीटर रात्रभर ठेवला, सकाळी ८१ दाखवत होता. म्हणजे सहा टक्के जास्तच बोलतो. आम्ही ज्याला ६८ म्हणून रडत होतो ते खरं ६२ होतं! हे कळल्यावर ह्यांनी मशीन परत करायचा विषय सोडला.

प्लास्टिक: खाली लावलेल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला सकाळी बारीक थेंब होते, तेही जमिनीपासून साधारण दीड फुटापर्यंत. दुसरा तुकडा डोक्याच्या उंचीवर लावला होता तो अगदी कोरडा. खालच्या भागात आधीपासून लोणा लागलेला आहे, रंगाचे पोपडे निघतात.

बंद खोली: मशीन थांबवलं तेव्हा २८ डिग्री, मीटर ६६ म्हणजे खरं ६०. अर्ध्या तासानं खरं ६६, डिग्री तीच. तीन तासांनी २७ डिग्री आणि ७५.

आणि कपडे. हो, वाळत घालत होतो. गॅलरीत पाऊस येतो म्हणून मशीन आल्यापासून सगळ्यांचे कपडे त्याच खोलीत, छान वाळतात म्हणून. काल ताणकाट्यावर वजन केलं, पिळलेले ओले ७.८ किलो, वाळल्यावर ५.१.

खडू_फळा | गुरुवार, रात्री ९:३०

वा ताई, हे इतकं नीट लिहून ठेवलंत की वर्गात दाखवावंसं वाटतंय. जोडून बघू. कपड्यांतून २.७ लिटर, हा तर बादलीचा निम्मा भाग. बंद खोलीत अर्ध्या तासात घनमीटरला १६.३ वरून १८ ग्रॅम झाले, ३७ घनमीटरला गुणलं की साठ ग्रॅम, तासाला १२० आणि दिवसाला पावणेतीन-तीन लिटरच्या मध्ये. दोन्ही मिळून साडेपाच! तीन तासांनी तुमची खोली साडेएकोणीसच्या जवळ येऊन टेकली, बाहेरच्या हवेतही तेवढंच होतं. म्हणजे तिथून पुढं खोली आणि रस्ता यांत फरकच उरला नाही.

आणि पहिल्या तीन दिवसांचे आठ लिटर म्हणजे कापसाची गादी, लाकूड, कपाटातल्या साड्या महिनाभर पिऊन बसल्या होत्या ते पाणी.

गॅसचार्जिंग | गुरुवार, रात्री १०:००

सर, त्या १२० ग्रॅममधलं फटीतनं किती आणि भिंतीतनं किती ते मात्र या टेस्टवरनं वेगळं करता येत नाही. माझ्या मतानं जास्त फटीतनं, कारण बाहेरच्या आकड्याजवळ येऊन चढणं मंदावलं. ताई, दाराखाली जुनं पांघरूण गुंडाळून लावा, खिडकीच्या फटीत कागद कोंबा, आणि अर्ध्या तासाची टेस्ट परत करा. किती उतरलं ते फटीचं. कपडे दुसरीकडं वाळवा, नाहीतर मशीन चालू असताना तिथंच वाळवा पण मग बादलीला दोष देऊ नका. आणि फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा. चोंदला की हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि बादली रिकामी राहते. फिल्टर स्वच्छ असून कॉइलच्या सुरुवातीच्या दोन वेढ्यांवरच बर्फ दिसला तर गॅस कमी झालाय, तेव्हा माझ्यासारख्याला बोलवा.

राजारामपुरी_११ | गुरुवार, रात्री १०:२०

ते बादलीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं तर चालतं का? वाफेचंच पाणी ना ते.

गॅसचार्जिंग | गुरुवार, रात्री १०:३५

नका घालू. वाफेचं असलं तरी कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश घेऊन खाली येतं, बादलीत शेवाळ पण धरतं. फरशी पुसा, झाडांना घाला. पिऊ मात्र नका.

दगडी_वाडा | पुढचा मंगळवार, रात्री ९:१५

कपडे वरच्या गच्चीच्या पत्र्याखाली हलवले, उशिरा वाळतात पण वाळतात. दाराखाली पांघरूण, खिडकीला कागद. अर्ध्या तासाच्या टेस्टमध्ये आता ६० वरून ६३ पर्यंतच चढतं. बादली दिवसाला दीड-पावणेदोन लिटर, मशीन नऊ-दहा तास चालतं, मीटर खरं ५८ दाखवतो. विजेचे दिवसाचे साडेचार युनिट होत होते ते दोनच्या आसपास आले. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं, बुरशी पुसली, अजून तरी परत आली नाही. कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवली आहे, ती कोरडी आहे. आई परवापासून पंखा दोनवर ठेवून झोपतात.

आता राहिली ती भिंत. एक गवंडी म्हणतो वॉटरप्रूफचा हात मारून देतो, खर्च फार नाही.

वरचा_मजला | मंगळवार, रात्री ९:४०

मारून घ्या, आमच्या काकांनी मारलाय, दोन वर्षं काही झालं नाही.

गॅसचार्जिंग | मंगळवार, रात्री १०:०५

मी तरी आतनं मारू नका म्हणंन. दगड-विटांची भिंत जमिनीतनं पाणी ओढते आणि आतनं-बाहेरनं सोडते. दीड फूट अडवलं तर ते पाणी वर चढून तीन फुटावर फुटायची शक्यता. आधी बाहेरचं गटार, पावसाची पन्हाळ कुठं पडते, रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर आलाय का ते बघा. पण हे माझं काम नव्हं, जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या कुणाला तरी विचारा.

दगडी_वाडा | मंगळवार, रात्री १०:२५

रस्ता वर आलाय, दरवेळी डांबराचा थर पडून पडून. आता एक पायरी उतरून घरात यावं लागतं, पूर्वी एक चढून यायचो. भिंतीला आत्ता हात लावत नाही. मार्चमध्ये तिथंच परत प्लास्टिक लावते, तेव्हाही आतून घाम आला तर पाणी पावसाचं नाही, जमिनीचं किंवा गटाराचं असं धरायचं ना? कुणी जुन्या घराचं जोतं असं दुरुस्त करून घेतलं असेल तर सांगा.

चप्पल_लाईन | बुधवार, सकाळी १०:५०

दादा, पहाटे पाचला उठून गोडाऊनात बॅटरी मारून बघितलं. पत्र्याला आतनं थेंब लटकलेत, ओळीनं. फोटो काढलेत. आता काय करू?